रेषेच्या पुढे पडलेला बाण

माझ्या नाकावर राग असतो असं इथल्या मराठी मंडळात सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. एरवी त्याचं मला काही वाटत नाही. धनुष्यबाण शिकवणाऱ्या बाईने थोडं खाष्ट असलंच पाहिजे, कारण गोड बोलून कुणी रेषेच्या मागे थांबत नाही. म्हणून मे महिन्यात अमृताने फोन करून "जयंतीताई, मंडळातल्या आठ जणांना शिकवाल का?" असं विचारलं, तेव्हा मी हो म्हणायच्या आधीच अटी सांगितल्या. वेळेवर यायचं. ओढण्या, लोंबती कानातली, सैल बाह्या घरी ठेवायच्या. केस बांधायचे. आणि मैदानावर माझ्या शिट्टीशी वाद घालायचा नाही.

मी नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात राहते, आइंडहोवनच्या बाजूला. वीस वर्षांपूर्वी पुण्याहून नोकरीसाठी आले, यंत्रांचे आराखडे तपासते, एकटी आहे. आमचा धनुर्धरांचा क्लब गावाबाहेर मक्याच्या शेतांना लागून आहे. तिथे मी नऊ वर्षं जाते आणि त्यातली पाच वर्षं नवशिक्यांना शिकवते. मला शिकवणारा टून सत्तरीचा आहे. डाव्या कानाने त्याला कमी ऐकू येतं आणि तो कामापुरतंच बोलतो. मी शिकवायला लागले त्या पहिल्याच दिवशी त्याने मला शिट्टी दिली आणि म्हणाला, "लोक रेषेवर असताना ही तोंडात. चहा पिताना काढायची."

मंडळाच्या वर्गात स्नेहल आणि विवेक हे जोडपं होतं. गोष्ट त्यांचीच आहे. विवेक छत्तीसचा, आयटीतला, गप्पिष्ट. स्नेहल एकतीसची. लग्न होऊन इथे आली, चार वर्षं घरात बसून अर्ज करत राहिली, आणि त्या वसंतात तिला डेल्फ्टच्या विद्यापीठात पीएचडीची जागा मिळाली होती. पगारी जागा, पाण्याच्या बंधाऱ्यांवरचं संशोधन. एक ऑक्टोबरपासून सुरू. आठवड्यातले चार दिवस तिकडे खोली घेऊन राहायचं असं तिने ठरवलं होतं. विवेकला ते पसंत नव्हतं, आणि हे मंडळातल्या प्रत्येकाला माहीत होतं. "मी चार दिवस काय भिंतीशी बोलू?" असं तो चारचौघांत हसत म्हणायचा. ती हसायची नाही.

पहिल्या शनिवारी मी कुणाच्या हातात धनुष्य दिलंच नाही. गवतावर दोन पांढऱ्या रेषा होत्या. पुढची बाण मारायची, तिच्या पाच मीटर मागे थांबायची. मी सांगितलं, दोन शिट्ट्या झाल्या की पुढच्या रेषेवर जायचं, पण बाण लावायचा नाही. एक शिट्टी झाली की बाण लावायचा आणि मारायचा. आपले तीन बाण संपले की मागच्या रेषेवर यायचं. सगळे मागे आले की तीन शिट्ट्या, मग चालत जाऊन बाण काढायचे. पळायचं नाही. बाण उपटताना मागे कुणी उभं नाही ना हे बघायचं, कारण उपटलेला बाण मागच्याच्या पोटात जातो. आणि शिट्ट्या तुटक तुटक वाजतच राहिल्या, किंवा कुणी "स्टॉप" म्हणालं, तर प्रत्यंचा सोडायची नाही, धनुष्य लक्ष्याकडेच ठेवून ताण हळूहळू परत आणायचा आणि बाण काढून घ्यायचा.

"आणि बाण हातातून पडला तर?" विवेकने विचारलं.

"पाय न हलवता धनुष्याच्या टोकाने ओढता आला तर ओढ. नाही आला तर तो मारला असं समज. रेषेच्या पुढे एक पाऊलही टाकायचं नाही."

"कडक आहात हो, ताई."

"हो," मी म्हणाले.

मग उभं राहायचं शिकवलं. रेषा दोन पायांच्या मधे, पावलं खांद्याएवढी लांब, डावा खांदा लक्ष्याकडे. वजन दोन्ही पायांवर सारखं. गुडघे ताठ नाहीत, कंबर मोडलेली नाही, खांदे खाली. डोकं फक्त वळवायचं, अंग नाही. हे बोलायला सोपं आहे. माणसाला नुसतं सरळ उभं राहता येत नाही, हे मला दर वर्गात नव्याने कळतं. विवेक मागे रेलायचा, निहार ढुंगण बाहेर काढायचा. स्नेहल मात्र पहिल्यांदाच नीट उभी राहिली. मी तिच्या खांद्याला हळूच धक्का दिला तरी हलली नाही. मला ती तेव्हाच आवडली.

दुसऱ्या शनिवारी बाण आले, आणि तिथेच माझी चूक सुरू झाली. क्लबात सगळं डच भाषेत चालतं. मला वाटलं, आपल्या माणसांना आपल्या भाषेत शिकवलं की अंगात लवकर मुरतं. त्याचा मला अभिमानही होता, खोटं कशाला बोलू. शिट्ट्या होत्याच, पण एकेकट्याला शिकवताना मी तीन शब्द केले. ताण. टेक. सोड. ताण म्हणजे दोरी ओढ. टेक म्हणजे हात हनुवटीखाली टेकव आणि थांब. सोड म्हणजे बोटं ढिली कर. टूनने दोनदा ऐकलं आणि विचारलं, "हे काय सांगतेस?" मी अर्थ सांगितला. तो म्हणाला, "इथे आज्ञा शिट्टीच्या असतात. आणि स्टॉप. बाकी शब्द नकोत." मी मान हलवली आणि माझंच चालू ठेवलं.

स्नेहलचं सगळं चांगलं होतं, फक्त तिच्याकडून बाण सुटत नव्हता. दोरी हनुवटीपर्यंत यायची, आणि मग ती तशीच उभी. दहा सेकंद, पंधरा सेकंद. हात थरथरायला लागायचा, मग ती ताण उतरवायची आणि कसनुसं हसायची. असं पुष्कळांचं होतं. चुकण्याची भीती बोटांत जाऊन बसते. त्यावर एक उपाय असतो, तो मी केला. तिला एकटीला लक्ष्यापासून दोन मीटरवर उभं केलं, कागद काढून टाकला, डोळे मिटायला सांगितले. "नेमाचा विचार करू नकोस. विचारच करू नकोस. मी सोड म्हटलं की बोटं उघडली पाहिजेत. मी म्हणेन तेव्हा, लगेच."

"ताण," मी म्हणायचे. "टेक." मग कधी एक सेकंद थांबायचे, कधी पाच. "सोड."

पहिल्यांदा उशीर झाला. वीस बाणांनंतर कमी उशीर. तिसऱ्या शनिवारी सकाळी ती अर्धा तास आधी आली आणि आम्ही आणखी चाळीस बाण मारले. शेवटी तर माझा शब्द पुरा व्हायच्या आत बाण जात होता. ती वळून म्हणाली, "ताई, मला कळतच नाही, हात आपोआप उघडतो." मी तिची पाठ थोपटली. चार वर्षं खाली मान घालून फिरणारी मुलगी मोकळी होतेय असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

त्यानंतर तासाभरात झालं ते.

रेषेवर चौघं होते. डावीकडून निहार, अमृता, विवेक, स्नेहल. बाकी चौघं मागच्या रेषेवर गप्पा मारत होते. लक्ष्य दहा मीटरवर. कुंपणापलीकडे शेतकऱ्याचा ट्रॅक्टर गवत कापत होता, त्याचा मोठा आवाज येत होता. टून मागे बाकावर बसून एका बाणाचं पीस चिकटवत होता. मी एक शिट्टी दिली आणि शिट्टी तोंडातून काढली, कारण निहारचा कोपर वर येत होता आणि मला त्याला ते मराठीत सांगायचं होतं. मी डाव्या टोकाला त्याचा कोपर धरून उभी होते. चौघं बाण मारत असताना शिकवणाऱ्याने एकाच्याच कोपरात डोकं घालायचं नसतं. हे मला माहीत होतं.

विवेकचा बाण दोरीवरून घसरला, रेषेच्या पुढे गवतावर पडला आणि उजवीकडे स्नेहलच्या समोर गेला. त्याने धनुष्याच्या टोकाने ओढायचा प्रयत्न केला, पोचलं नाही. मग तो पुढे गेला. दोन पावलं, फार तर तीन. माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो मला वाकताना दिसला. स्नेहलने दोरी हनुवटीपर्यंत ओढलेली होती. नेम धरताना ती डावा डोळा मिटायची, आणि तो डावीकडून आला होता.

माझ्या डोक्यात पूर्ण वाक्य होतं. सोड तो बाण, मागे ये. विवेकसाठी. तोंडातून पहिला शब्द निघाला, आणि पुढचे निघालेच नाहीत.

"सोड."

विवेकने वाकलेल्या अवस्थेतच मान वर करून माझ्या आवाजाकडे बघितलं. स्नेहलची बोटं उघडली.

बाण त्याच्या डाव्या गालाच्या हाडावर लागून वर सरकला आणि बाजूला पडला. तो गुडघ्यांवर बसला. ओरडलासुद्धा नाही, फक्त हात चेहऱ्यावर धरला आणि "अगं, अगं" असं काहीतरी म्हणत राहिला. मी आता शिट्टी वाजवत होते, वाजवतच होते, कुणाला थांबवायचं उरलं नव्हतं तरी. टूनने एकशेबारा या तातडीच्या नंबरला फोन केला, विवेकला आडवं केलं, डोळ्यावर काही दाबू नका म्हणाला. स्नेहल रेषेवर तशीच उभी होती, पावलं खांद्याएवढी लांब, हातात धनुष्य. तिच्या हातातून ते मीच काढून घेतलं.

डोळा वाचला नाही. दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की बाण बोटभर अलीकडे लागला असता तर माणूसच गेला असता. पोलिसांनी सगळ्यांचे जबाब घेतले आणि अपघात म्हणून नोंद केली. क्लबच्या समितीने टूनला अहवाल लिहायला सांगितला.

हॉस्पिटलच्या आवारात अमृता माझ्याजवळ आली होती. "ताई, तुम्ही काय ओरडलात? ट्रॅक्टरमुळे मला नीट कळलं नाही."

मी तोंड उघडण्याआधीच टून डचमध्ये म्हणाला, "ती स्टॉप म्हणाली. वेळेवर म्हणाली. मी ऐकलं."

सोड आणि स्टॉप. सत्तर वर्षांचा कान, बाजूला ट्रॅक्टर, आणि संकटाच्या वेळी शिकवणारी दुसरं काय ओरडणार? त्याने जे ऐकायला हवं होतं ते ऐकलं. अमृताने माझ्याकडे बघितलं.

"स्टॉप," मी म्हणाले.

एवढं सोपं होतं ते. पोलिसांनाही मी तेच सांगितलं. निहारला मी काहीतरी ओरडले एवढंच आठवत होतं, आणि टूनने सांगितल्यावर तोही स्टॉपच म्हणाला. अहवालात आलं की प्रशिक्षिकेने थांबण्याची आज्ञा वेळेवर दिली, परंतु घाबरल्यामुळे शिकाऊ व्यक्तीकडून बाण सुटला. खाली टूनची सही, त्याखाली माझी. मी स्वतःला समजावलं की यात स्नेहलला कुणी दोष देत नाहीये, घाबरणं हा काही गुन्हा नाही. आणि खरं सांगितलं असतं तर माझं शिकवणं गेलं असतं. ऑफिसात मी आराखडे तपासणारी एक बाई आहे. त्या मैदानावर मी कुणीतरी आहे. मला ते घालवायचं नव्हतं. इतकंच कारण, दुसरं कुठलंही मोठं नाही.

मंडळात मात्र लोकांची तोंडं सुटली. त्या सकाळी दोघं गाडीतून भांडत आले होते हे निहारने पाहिलं होतं. त्याने ते सहज सांगितलं, आणि ते सहज राहिलं नाही. "ताईंनी थांब म्हटलं, तरी हिने मारला," असं कुणीतरी म्हणालं. "डेल्फ्टवरून चाललं होतं म्हणे." थेट कुणी काही बोललं नाही, पण गणपतीच्या बैठकीला स्नेहलला कुणी बोलावलं नाही. पुण्याहून विवेकची आई, लीलावतीबाई, रोज फोन करायच्या आणि सुनेला फोनवर घ्यायच्या नाहीत.

मी भेटायला जायचे. फळं न्यायचे. एकदा स्वयंपाकघरात स्नेहल हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही स्टॉप म्हणालात, ते मला ऐकूच आलं नाही. मी खूप आठवून बघते. माझे हात उघडले एवढंच आठवतं. मी त्या दिवशी त्याच्यावर फार चिडले होते. गाडीत मनात आलं होतं की हा माणूस नसता तर बरं झालं असतं. मग माझ्या हातांनी ते ऐकलं का?"

तेव्हा बोलायला हवं होतं. ती माझ्यापासून हातभर अंतरावर कांदा चिरत होती. मी म्हणाले, "असं काही मनात आणू नकोस."

ऑगस्टच्या शेवटी अल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये पैसे देण्याच्या रांगेत अमृता भेटली. स्नेहलने डेल्फ्टची जागा सोडली म्हणाली. विवेकला अंतराचा अंदाज येत नाही, जिना उतरताना तो चाचपडतो, गाडी चालवायला अजून परवानगी नाही. त्याला एकट्याला कसं टाकणार? प्राध्यापकांनी आठवडाभर थांबायची तयारी दाखवली होती, पण तिने नको कळवलं. "तिचं तिला खातंय," अमृता म्हणाली. "चांगलंच आहे म्हणा, निदान जाणीव आहे." मी माझं दूध आणि ब्रेड पट्ट्यावर ठेवलं आणि पाकीट काढलं.

सप्टेंबरात सोमवार संध्याकाळचा नवा वर्ग सुरू झाला, सगळे डच. टूनने जूनच्या प्रसंगातून धडा घेतला होता. पहिल्याच दिवशी थांबण्याचा सराव. "आज्ञा वेळेवर मिळूनही एका शिकाऊने बाण सोडला," त्याने सगळ्यांना सांगितलं. "म्हणून हे अंगात भिनवायचं." त्याने मला रेषेमागे उभं केलं. सहा जणांनी दोरी हनुवटीपर्यंत ओढली आणि मी ओरडले, "स्टॉप." सहाच्या सहा जणांनी ताण हळू परत आणला, बाण काढला, धनुष्य खाली केलं. पहिल्याच वेळी. आम्ही पुन्हा केलं, पाच वेळा केलं. एकाचाही बाण सुटला नाही. सहावी होती शाळेत शिकवणारी एक घाबरट बाई, तिचासुद्धा नाही.

स्टॉप म्हटल्यावर माणसं थांबतात. स्नेहलही थांबली असती. तिने मी शिकवलेलं सगळं चोख केलं होतं, आणि तिच्यासारखी शिष्या मला परत मिळणार नाही. मला मैदानावरच रडू आलं. टून काय झालं विचारायला आला, आणि मी त्याला सांगितलं. दोन्ही अर्थ सांगितले. बाण मार, तेही सोड. राहू दे, तेही सोड.

"मी सही केली," तो म्हणाला. "मी पोलिसांना सांगितलं की मी ऐकलं." मग त्याने हात पुढे केला. मी गळ्यातली शिट्टी आणि क्लबची किल्ली त्याच्या हातात ठेवली. समितीला आणि पोलिसांना लिहायचं तो शुक्रवारपर्यंत माझ्यावर सोपवतो, नाहीतर तो लिहील, एवढं बोलून तो परत वर्गाकडे गेला.

मी सायकल काढली आणि तशीच स्नेहलकडे गेले.

दोघं घरी होती. विवेक सोफ्यावर बसला होता, डोळ्यावर पांढरी पट्टी. स्नेहलने चहा टाकते म्हटलं. मी नको म्हणाले आणि उभ्याउभ्याच सांगितलं. मी स्टॉप म्हणाले नव्हते. मी सोड म्हणाले होते, विवेकला, बाण सोडून मागे ये म्हणून. तुझे हात माझ्या शब्दावर उघडले. तुझ्या मनात काय होतं याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी खोटं बोलले, पोलिसांनाही, तुलाही.

स्नेहल खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिचा चेहरा इतका रिकामा झाला की मला भीती वाटली. मग तिने विवेककडे बघितलं, कारण विवेकने काहीच विचारलं नव्हतं. तो आश्चर्याने वळलाही नव्हता. तो टीपॉयकडे बघत होता.

"विवेक," ती म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"पहिल्यांदा नव्हतं. औषधांच्या गुंगीत होतो," तो म्हणाला. "नंतर आठवलं. जुलैत कधीतरी. त्या सोड म्हणाल्या म्हणून तर मी वर बघितलं."

"मग बोलला का नाहीस? मी रोज रात्री तुझ्याशेजारी रडत होते."

तो दुष्ट माणूस नाही. मी त्याच्याकडे बघत होते, आणि मला माझंच तोंड दिसत होतं.

"तू थांबली होतीस," तो म्हणाला. "डेल्फ्टला जाणार नव्हतीस. मला वाटलं, सांगितलं तर जाशील."

स्नेहलने त्याचा फोन उचलला, त्याच्या चेहऱ्यासमोर धरून उघडून घेतला आणि पुण्याला लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला आणि फोन माझ्या हातात दिला. "आईंना सांगा," ती म्हणाली. "जसं मला सांगितलंत तसंच."

मी सांगितलं. लीलावतीबाईंना मी कधी भेटले नव्हते. "काकू, मी जयंती, वर्ग घेणारी," अशी सुरुवात केली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्यांनी मधे अडवलं नाही. मागे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण बाण तिच्याच हातून सुटला ना?"

मी विवेककडे बघितलं. एक वाक्य त्याने बोलायचं होतं. आई, तिची चूक नाही. चार शब्द. तो हाताच्या नखांकडे बघत बसला, आणि पलीकडून लीलावतीबाई "हॅलो, हॅलो" म्हणत राहिल्या. स्नेहलने दहापर्यंत आकडे मोजावेत इतका वेळ वाट बघितली. मग माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला.

डेल्फ्टची जागा भरली होती. हे तिने मला फोन ठेवल्यावर सांगितलं, अगदी सरळ आवाजात. नायमेखनला कुणी ओळखीची मुलगी होती, तिच्याकडे ती काही दिवस जाणार होती आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज करणार होती. मी म्हणाले, मी लिहून देते, प्राध्यापकांना, मंडळाला, सगळ्यांना.

"द्या," ती म्हणाली. "पण मला एक सांगा, ताई. हे सांगायला तुम्हाला तीन महिने का लागले?"

"मला शिकवणं सोडवत नव्हतं."

तिने मान हलवली. समजल्यासारखी, माफ केल्यासारखी नाही. मग भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेली आणि त्यावर बोट ठेवलं.

"उद्या साडेनऊला याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे. दर मंगळवारी असतं. जिन्यावर डाव्या बाजूने हात धरावा लागतो, नाहीतर पायरी चुकते. थेंब दर सहा तासांनी घालायचे, तो विसरतो." ती आमच्या दोघांकडे एकाच वेळी बघत होती. "आता हे तुम्ही करा. तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळा."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून सुट्टी घेतली आणि नऊ वाजता गेले. स्नेहल बॅग घेऊन गेलेली होती. विवेक कोट घालून तयार बसला होता. जिन्यावर मी त्याचा डावा हात धरला, त्याने धरू दिला, आणि आम्ही एकेक पायरी खाली उतरलो.